जेवढं अडतंय तेवढ्याचेच हप्ते

शनिवार, १७ जानेवारी

भाचीनं तिच्या विद्यापीठाच्या फायनान्स ऑफिससाठी लिहिलेलं पत्र आज मला वाचायला पाठवलं. ती सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये एम.एस्सी. करतेय. वर्षाची फी २०,००० पौंड. निम्मी प्रवेशाच्या वेळी भरली, उरलेले १०,००० पौंड ३१ जानेवारीपर्यंत भरायचे आहेत. ते एकदम जमणार नाहीत, म्हणून हप्ते मागणारं हे पत्र.

वाचताना गळा दाटून आला. आजोबांचं आजारपण, दाजींचे बंद पडलेले दोन माग, ताईचा बीपी, सगळं त्यात होतं आणि शब्दनशब्द खरा होता. शेवटी लिहिलं होतं की १०,००० पौंडांचे दहा मासिक हप्ते करून द्या, मी जास्तीचे तास काम करून फेडीन.

लगेच फोन लावला. ती म्हणाली, "मामा, तुम्हाला तर माहितीय ना घरात काय चाललंय. मग लिहायचं तरी काय?"

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. परदेशी गिऱ्हाइकांची पैसे लांबवायची पत्रं मला रोज येतात. ज्या पत्रात नुसती अडचण असते, त्याला काय उत्तर द्यावं तेच कळत नाही. ज्यात अमुक तारखेला इतके, तमुक तारखेला इतके, आणि ते कुठून येणार हे असतं, त्याला मालक दहा मिनिटांत हो म्हणतात. फायनान्स ऑफिसात बसलेला माणूसही असाच कुणीतरी हिशेबनीस असणार. त्याला सहानुभूती वाटली तरी खात्यावर लिहायला त्याला आकडा आणि तारीखच लागणार.

म्हणून आधी हिशेब करू म्हटलं आणि ताईकडे गेलो. दाजींनी उधारीची वही समोर ठेवली. चादरी नेलेल्या दुकानदारांची नावं, पुढे रकमा, आणि पेन्सिलीनं लिहिलेल्या अपेक्षित तारखा. दाजींनी बँकेचं मंजुरीपत्रही काढलं. अडचण नेमकी कुठं आहे ते त्या दोन कागदांत दिसलं.

बँकेनं शैक्षणिक कर्ज मंजूर केलं तेव्हा पौंड १०६ रुपये धरला होता. त्या दरानं या १०,००० पौंडांचे १०,६०,००० रुपये होतात. परदेशी शिक्षणाला बँक ८५ टक्के देते, १५ टक्के मार्जिन घरच्यांनी घालायचं. म्हणजे बँकेचे ९,०१,००० आणि दाजींचे १,५९,०००. मार्जिन दाजींनी दिवाळीपासून बाजूला काढून ठेवलं आहे, त्याला हात लावलेला नाही. पण आज बँकेचा पौंड विकण्याचा दर ११८ आहे. (मोबाइलवर दिसणारा दर याहून कमी असतो, पण त्या दरानं आपल्याला कुणी पौंड देत नाही.) ११८ नं तेच १०,००० पौंड ११,८०,००० ला पडतात. कर्ज रुपयांत मंजूर झालंय, ते वाढत नाही. वरचे १,२०,००० पूर्ण दाजींच्या अंगावर आले. कर्ज वाढवून मिळतं का, हे दाजी आधीच विचारून आले होते. त्यासाठी नवा प्रस्ताव, नवी मंजुरी, म्हणजे जानेवारी हातची गेली.

तर अडलंय ते एवढंच. दहा हजार पौंड अडलेले नाहीत, साधारण हजार अडलेत. नव्वद टक्के रक्कम वेळेवर जाऊ शकते. असं असताना सगळ्या रकमेचे दहा हप्ते मागितले, तर समोरच्याला वाटणार की या मुलीकडे काहीच नाही. ताई तेवढ्यात पाटल्या काढून आणते म्हणून उठली होती. दाजींनी तिला बसवलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये वहीतली उधारी येणारच आहे, प्रश्न फक्त दोन महिन्यांचा आहे.

रात्री पुन्हा फोन केला. तिला म्हटलं, जेवढं अडतंय तेवढ्याचेच हप्ते माग. आणि जास्तीचे तास काम करण्याचं वाक्य आधी काढ. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही, हे तिलाही ठाऊक आहे. पण तिच्या डोक्यात जे आलं नाही ते असं, की विद्यापीठ हेच तिच्या व्हिसाचं प्रायोजक आहे. नियम मोडला तर तिथल्या गृहखात्याला कळवणं त्यांना बंधनकारक असतं. अशा ठिकाणी आपल्याच हातानं लिहून द्यायचं की मी जास्त तास काम करणार? शिवाय व्हिसा देताना पुढची कमाई धरतच नाहीत, पैसे आधीच आहेत हे दाखवावं लागतं. फी थकून प्रवेश रद्द झाला, तर विद्यापीठ प्रायोजकत्व काढून घेतं आणि व्हिसाही मुदतीआधीच संपतो. हे ऐकल्यावर ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "थांबा, मी लॅपटॉप घेते."

तारखा ठरवताना कॅलेंडर समोर ठेवलं. ३१ जानेवारीला शनिवार आहे, म्हणजे पैसे तिकडे ३० तारखेच्या शुक्रवारीच जमा व्हायला हवेत. इकडून पाठवल्यावर पोचायला दोन ते पाच कामाचे दिवस धरायचे. आणि २४ तारखेला चौथा शनिवार, २५ ला रविवार, २६ ला प्रजासत्ताक दिन, बँका सलग तीन दिवस बंद. म्हणून २३ तारखेला फॉर्म बँकेत गेलाच पाहिजे. पत्रात पैसे पाठवायची तारीख देऊच नये, पोचायची द्यावी. त्यांच्या खात्याला तीच कळते.

रक्कमही काठोकाठ लिहिली नाही. ९,०१,००० आणि १,५९,००० मिळून १०,६०,००० चे आजच्या दरानं ८,९८० च्या आसपास पौंड येतात, पण दर आठवड्यात हलतो आणि बँकेचा चार्ज, जीएसटी वेगळा. म्हणून ८,९०० लिहिले. उरले १,१००, त्याचे ५५०-५५० चे दोन हप्ते. एक हप्ता साधारण ६५,००० रुपयांचा. दाजींनी वहीत बोट ठेवून बघितलं आणि मान हलवली.

तिनं इंग्रजीत लिहिलं ते आपल्या भाषेत असं:

"महोदय/महोदया, मी अमुक अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी, विद्यार्थी क्रमांक अमुक. माझ्या फीचे १०,००० पौंड ३१ जानेवारीपर्यंत देय आहेत. त्यापैकी ८,९०० पौंड ३० जानेवारीपर्यंत आपल्या खात्यात जमा होतील. उरलेल्या १,१०० पौंडांसाठी दोन हप्त्यांची परवानगी द्यावी ही विनंती: ५५० पौंड २७ फेब्रुवारीपर्यंत आणि ५५० पौंड २७ मार्चपर्यंत.

माझं शैक्षणिक कर्ज भारतीय रुपयांत मंजूर आहे. मंजुरीच्या वेळी एक पौंड १०६ रुपयांना होता, आज बँकेचा विक्रीदर ११८ आहे. कमी पडणारी रक्कम या फरकामुळे आहे. ती माझे वडील त्यांच्या व्यवसायातून येणाऱ्या पैशांतून भरतील. बँकेचं मंजुरीपत्र आणि आधीच्या निम्म्या फीची पावती सोबत जोडली आहे.

ठरलेल्या तारखांना पैसे जमा होत असताना विलंब शुल्क लागू नये आणि माझी नोंदणी चालू राहावी, एवढी विनंती. या तारखा आपल्याला सोयीच्या नसतील तर कोणत्या चालतील ते कृपया कळवावं."

पत्र संपलं एवढ्यात. आजोबांचा उल्लेख काढताना तिला वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण ते विद्यार्थी सल्ला केंद्रात जाऊन बोलता येतं, तिथली माणसं त्यासाठीच असतात. तिनं पत्राची प्रत त्यांनाही पाठवली. विद्यापीठाच्या ईमेलवरून, विषयात विद्यार्थी क्रमांक घालून. घरगुती ईमेलवरून आलेल्या पत्राला फीची माहिती देत नाहीत, ओळख पटवण्यातच दोन दिवस जातात.

गुरुवार, २२ जानेवारी

उत्तर आलं. ८,९०० आणि पहिला हप्ता मान्य. शेवटचा हप्ता मात्र २० मार्चपर्यंत हवा. एक करारपत्र सही करून द्यायचं, आणि एक जरी तारीख चुकली तर उरलेली सगळी रक्कम त्याच दिवशी देय होईल आणि ऑनलाइन अभ्याससाहित्य बंद होईल. अट कडक आहे, पण आता आपल्याकडे लेखी काहीतरी आहे. विलंब शुल्काबद्दल त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. करारावर सही करण्याआधी तेवढं विचार, असं भाचीला सांगितलं. तासाभरात एका ओळीचं उत्तर आलं, लागणार नाही. ती ओळ जपून ठेव म्हटलं.

२० मार्च ही तारीख मला खटकली. १९ ला पाडवा आहे, बँक बंद. आणि मार्चअखेर जवळ आली की बँकेत कुणाला मान वर करायला फुरसत नसते. म्हणून शेवटचा हप्ता १२ मार्चला पाठवायचा असं दाजींशी ठरवलं. त्यांनी वहीतली एक पेन्सिलीची तारीख खोडून आठवडाभर अलीकडे आणली आणि लातूरच्या त्या दुकानदाराला लगेच फोन लावला.

संध्याकाळी उद्याचे कागद भरले. परदेशी पैसे पाठवायच्या बँकेच्या ए-टू फॉर्मवर शिक्षणाचा कोड S0305. चार्जेसच्या रकान्यात OUR वर खूण, म्हणजे सगळे चार्ज आपणच भरायचे. याबद्दल मी दाजींना दोनदा बजावलं. SHA वर खूण केली की वाटेतली बँक आपला चार्ज मूळ रकमेतूनच कापते. आमच्या टॉवेलच्या बिलांत हे नेहमी होतं, गिऱ्हाईक पूर्ण रक्कम पाठवतं आणि आमच्या खात्यात वीस-पंचवीस डॉलर कमी पडतात. आम्ही ते सोडून देतो. पण तिथं ५५० च्या जागी ५३५ पोचले तर कराराप्रमाणे हप्ता चुकला असंच धरतील. आणि संदेशाच्या रकान्यात विद्यार्थी क्रमांक. तो नसेल तर पैसे पोचूनही कुणाचे ते न कळल्यानं पडून राहतात आणि इकडे मुलीला थकबाकीची पत्रं येतात.

हप्त्याचे ५५० दाजी स्वतःच्या खात्यातून पाठवतील, पॅन लागेल. घरातून वर्षभरात गेलेली रक्कम १० लाखांच्या आत आहे, त्यामुळे टीसीएस हा कर कापला जाणार नाही. कर्जातून जाणाऱ्या फीवर तो तसाही लागत नाही.

विद्यापीठाच्या मान्यतेच्या ईमेलच्या दोन प्रती काढल्या. एक उद्या बँकेत द्यायची, कारण मागणीपत्रात १०,००० आणि फॉर्ममध्ये ८,९०० असं दिसलं की काउंटरवरची बाई विचारणारच. दुसरी दाजींनी उधारीच्या वहीत घातली. सकाळी साडेदहाला बँकेच्या दारात भेटायचं ठरलंय.