चेहऱ्यावरची 'चामखीळ' : माझा अनुभव

सत्तेचाळिशीला माझ्या चेहऱ्यावर तीन तऱ्हेचं काहीतरी होतं आणि मी सगळ्यालाच चामखीळ म्हणत होते. कानशिलावर मेणाचा थेंब चिकटावा तसा खरखरीत तपकिरी ठिपका, पापणीखाली आणि गळ्यावर लोंबणारे बारीक मांसाचे कण, आणि हनुवटीवर तांदळाच्या कणीएवढे चपटे दाणे.

सासूबाई म्हणाल्या, चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लाव, गावाकडे सगळे लावतात. सुईच्या टोकाने कानशिलावरच्या ठिपक्याला लावलं. दोन मिनिटांत आग आग! धुऊन टाकलं तरी दुसऱ्या दिवशी तिथे काळी खपली, नंतर खड्डा. पुढे केमिस्ट्री शिकवणाऱ्या भाच्याने सांगितलं, चुना आणि सोडा ओले एकत्र आले की कॉस्टिक सोडा तयार होतो. ते चामखीळ आणि कातडी यांत फरक करत नाही.

त्वचारोगतज्ज्ञांनी डर्मोस्कोप लावून एकेक पाहिलं. हनुवटीपाशी थांबून विचारलं, "ताई, चेहऱ्यावर रेझर फिरवता का?" फिरवत होते, लव काढायला. दाणे सरळ ओळीत होते. ते चपटे मस, विषाणूचे. रेझरच्या बारीक ओरखड्यांतून विषाणू पुढे पुढे पेरला गेला होता, आणि पेरणारी मीच! लोंबणारे कण म्हणजे स्किन टॅग, संसर्गजन्य नाहीत. पण मान काळवंडलेली दिसल्यावर त्यांनी साखर तपासायला सांगितली. एचबीए१सी ६.१ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

कानशिलावरचा ठिपका बहुधा सेबोऱ्हीक केराटोसिस, वयाप्रमाणे येणारा, निरुपद्रवी. 'बहुधा' म्हणायची वेळ माझ्यामुळे आली. वरचा थर जळाल्याने ओळखायच्या खुणाच गेल्या होत्या. क्वचित असा ठिपका कॅन्सरचाही असतो, म्हणून जखम भरेपर्यंत सहा आठवडे थांबून पुन्हा पाहायचं आणि शंका राहिली तर तुकडा तपासायला पाठवायचा, असं ठरलं. ते सहा आठवडे मी रोज आरशात तेवढंच बघत होते.

टॅग त्याच दिवशी निघाले. बधिर करणारं क्रीम लावून पाऊण तास बसवलं, मग गळ्यावरचे रेडिओफ्रिक्वेन्सीने जाळले (केस जळल्यासारखा वास येतो), पापणीखालचा बारीक कात्रीने कापला. खपल्या आठवड्याभरात आपोआप पडल्या. द्रव नायट्रोजनने गोठवायचं का, विचारलं, तर म्हणाले, आपल्या रंगाच्या कातडीवर पांढरा डाग राहू शकतो, चेहऱ्यावर शक्यतो नको.

मस मात्र जाळले नाहीत. रात्री ट्रेटिनॉइन क्रीम, सकाळी सनस्क्रीन, रेझर बंद. पहिले पंधरा दिवस हनुवटी सोलली, लाल झाली. दाणे जायला चार महिने लागले.

सहा आठवड्यांनी कानशिलावरच्या ठिपक्याची उरलेली कड डर्मोस्कोपखाली स्वच्छ दिसली. केराटोसिसच निघाला, तुकडा पाठवावा लागला नाही. खड्डा आहे तिथेच आहे. केस थोडे पुढे घेते.