एकाच पोत्यातली वाळू, दोन घर्षणकोन

सांगलीतील ज्या मृदा-परीक्षण प्रयोगशाळेत मी काम करतो, तिथे एका उन्हाळ्यात बेदाण्याच्या गोदामाच्या संरक्षक भिंतीचे काम आले होते. साडेतीन मीटर उंचीच्या त्या भिंतीमागे काळ्या मातीऐवजी वाळूचा भराव घालायचा होता. वाळूचा घर्षणकोन, म्हणजे ती सरकवायला लागणारे आडवे बल तिच्यावरच्या उभ्या भाराच्या मानाने किती आहे ते सांगणारा कोन, किती येतो ते सांगा, एवढीच मागणी होती. आम्ही शिअर बॉक्समध्ये, म्हणजे वरचा अर्धा भाग खालच्यावर आडवा सरकवता येणाऱ्या पेटीत, चाचण्या घेऊन ४१ अंश असा अहवाल दिला. पंधरा दिवसांनी त्यांचे तरुण साइट इंजिनिअर त्याच पोत्यातली उरलेली वाळू घेऊन आले आणि खात्रीसाठी पुन्हा चाचणी करा म्हणाले. मी बाहेर होतो, म्हणून आमच्या तात्यांनी ती लावली. परत आलो तेव्हा तात्या यंत्राजवळ डोक्याला हात लावून बसले होते.

"सर, गेज उलटं फिरतंय," ते म्हणाले. "आणि रिंगचा आकडा चढतोय, पण माथा काही येईना."

गेज वाळूची जाडी वाढते की घटते ते दाखवतो, रिंग आडवे बल मोजते आणि माथा म्हणजे त्या बलाचा सर्वांत मोठा आकडा. इंजिनिअरांचा सूर निराळा होता. हाती येत असलेला कोन जेमतेम ३३.५ अंश होता आणि एकाच वाळूचे दोन कोन देणाऱ्या प्रयोगशाळेवर विश्वास कसा ठेवायचा, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. मी आधी यंत्र तपासले. त्यात काहीच बिघाड नव्हता. मग तात्यांना विचारले की बॉक्समध्ये वाळू किती ग्रॅम भरली. ते म्हणाले, १३० ग्रॅम. पहिल्या चाचणीच्या वहीत तोच आकडा १५१ ग्रॅम होता. पेटी तीच, ६० मिलिमीटर चौरस आणि वाळूची जाडी २५ मिलिमीटर, म्हणजे ९० घन सेंटिमीटर जागा. पहिल्या वेळी मी तीन थरांत ठोकून वाळू बसवली होती, तर तात्यांनी चमच्याने अलगद ओतून वरून फक्त सपाट केली होती. घनता एकीकडे १.६८ आणि दुसरीकडे १.४४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर होती. वाळू एकच असली तरी कणांमधली पोकळी एक नव्हती.

इंजिनिअरांचे समाधान शब्दांनी होणार नव्हते, म्हणून आम्ही त्यांच्यासमोर दोन्ही चाचण्या पुन्हा घेतल्या, दोन्हींवर १०० किलोपास्कल, म्हणजे ३६० न्यूटनचा उभा भार ठेवून. ठोकून बसवलेल्या वाळूत वरच्या झाकणावरचा डायल गेज आधी किंचित खाली गेला आणि लगेच दिशा बदलून वर चढू लागला. पेटीचा वरचा अर्धा भाग आडवा सरकत असताना वाळू जाड होत होती. सुमारे दोन मिलिमीटर सरकल्यावर प्रूव्हिंग रिंगवर ३१० न्यूटनचा माथा आला आणि नेमका त्याच वेळी झाकण सर्वांत वेगाने वर येत होते: अर्धा मिलिमीटर आडवे सरकताना ०.१० मिलिमीटर वर. पुढे रिंगचा आकडा उतरत २४० न्यूटनच्या आसपास थांबला आणि गेजचा चढही जवळजवळ संपला. सैल वाळूत गेज सुरुवातीपासून खालीच जात राहिला आणि रिंग कुठेही माथा न दाखवता हळूहळू २४० न्यूटनपर्यंत आली. तात्यांनी पाहिलेले "उलटे फिरणे" ते हेच.

कारण समजायला फळवाल्याच्या मोसंब्यांची रास डोळ्यांपुढे आणावी. नीट रचलेल्या राशीत वरचे प्रत्येक फळ खालच्या तीन-चार फळांमधल्या खळग्यात बसलेले असते. वरचा थर आडवा ढकलायचा तर फळांना आधी खळग्यातून वर यावे लागते, म्हणजे रास फुगते, आणि फुगताना वर ठेवलेले ओझेही उचलावे लागते. वेड्यावाकड्या टाकलेल्या राशीत मात्र आधाराशिवाय टेकलेली फळे ढकलताच मोकळ्या खळग्यांत घसरतात आणि रास बसते. घट्ट वाळूच्या या फुगण्याला डायलेटन्सी म्हणतात. हा शब्द ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये वापरात आणला. पाण्याने भरलेल्या रबरी पिशवीत घट्ट बसवलेली वाळू दाबली तर पिशवीला जोडलेल्या नळीतले पाणी वर येण्याऐवजी खाली जाते, हे त्यांनी दाखवले होते, कारण फुगणाऱ्या वाळूच्या नव्या पोकळ्या ते पाणी शोषून घेतात. समुद्रकिनारी ओल्या वाळूवर पाऊल ठेवताच भोवतीचा भाग क्षणभर कोरडा दिसतो तोही याचमुळे.

या फुगण्याचा मजबुतीशी संबंध किती, याचा हिशेब मृदा-अभियंते डोनाल्ड टेलर यांनी १९४८ मध्ये मांडला, आणि तो त्या दिवशी कागदाच्या एका कोपऱ्यात मावला. झाकण दर मिलिमीटरमागे ०.२ मिलिमीटर वर येते, म्हणजे ३६० न्यूटनचा भार उचलायलाच ३६० गुणिले ०.२, अर्थात ७२ न्यूटन आडवे बल खर्च होते. ३१० मधून ७२ वजा केले की २३८ उरतात, आणि सैल वाळूने शेवटी दाखवलेले बल २४० होते. दोन्ही आकडे इतके जवळ येतील असे मलाही वाटले नव्हते. एरवी थोडा फरक राहतोच, कारण सरकणे पेटीच्या मधल्या एका पातळ पट्ट्यातच घडते आणि झाकणावरचा गेज संपूर्ण जाडीचा बदल मोजतो. तरी मुद्दा स्पष्ट होता. फुगणे वगळून उरणारे घर्षण दोन्ही नमुन्यांत ३३.५ अंशांचेच होते आणि ४१ मधला वरचा वाटा वाळूच्या जातीचा नव्हता, तर रचनेचा होता. सरकणे वाढले की रचना मोडते आणि तो वाटा जातो. भार बराच वाढवला तरी तो घटतो, कारण जड ओझ्याखाली कण एकमेकांवर चढण्याऐवजी त्यांच्या कडा तुटू लागतात.

मग मी इंजिनिअरांना विचारले, "साइटवर भराव कसा टाकताय?"

"ट्रकमधून मागं ओततोय, सर. वरून जेसीबीनं सपाट करतो."

म्हणजे त्यांच्या भिंतीमागे तात्यांची वाळू होती आणि नकाशात माझी. ४१ अंशांना वाळूच्या दाबाचा गुणक, म्हणजे उभ्या दाबाचा जो भाग भिंतीवर आडवा येतो तो, ०.२१ येतो, तर ३३.५ अंशांना ०.२९. सैल वाळू हलकी असल्याने प्रत्यक्ष ढकल तेवढ्या प्रमाणात वाढत नाही. भिंतीच्या दर मीटर लांबीला ती सुमारे २१ वरून २५ किलोन्यूटन झाली, म्हणजे जवळजवळ वीस टक्के अधिक. भिंत लगेच पडली नसती, पण तिच्या सुरक्षेच्या राखीव वाट्यातून एवढा भाग कोणाच्या लक्षात न येता कमी झाला असता. शिवाय कृष्णेच्या पुराचे पाणी पोचणाऱ्या भागात सैल, भिजलेली वाळू धक्क्याने आकसायला लागली की पोकळीतल्या पाण्यावर दाब येतो आणि कणांची पकड ढिली होते. घट्ट वाळूत नेमके उलटे होऊन पाण्यावर ओढ येते.

चूक अर्धी माझीही होती. अहवालात मी कोन लिहिला होता, पण तो कोणत्या घनतेला मिळाला ते लिहिले नव्हते. सुधारित अहवालात १.६८ आणि १.४४ या दोन्ही घनतांचे माथ्याचे आणि अखेरचे कोन वेगळे दिले, आणि भिंतीची रचना ३३.५ अंशांवरच तपासावी असे सुचवले. इंजिनिअरांनी उरलेला भराव २०० मिलिमीटरच्या थरांत प्लेट व्हायब्रेटरने बसवायचे ठरवले. पुढच्या आठवड्यात आम्ही साइटवर खड्डे घेऊन घनता मोजली तेव्हा नव्या थरांत १.६५ मिळाली आणि आधी ओतलेल्या भागात १.४९. तो भाग त्यांना उकरून पुन्हा भरावा लागला.