जुना निकाल हातात असूनही आम्ही नकलेपाशी अडकलो

एकदा निकाली निघालेला वाद पुन्हा कोर्टात आणता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 11 तेच सांगतं, वकील त्याला रेस ज्युडिकाटा म्हणतात. कायद्याशी माझं भांडण नाही. वाद आधी निकाली निघालाय हे दाखवायला जो घोळ घालावा लागतो, त्याचा राग अजून आहे.

शेजाऱ्याने बांधालगतच्या पट्ट्यावर मालकी सांगणारा दावा लावला होता. पुरावा होऊन तो फेटाळला गेला, अपील झालं नाही. शेजाऱ्याच्या पश्चात मुलाने त्याच पट्ट्यासाठी मनाईचा दावा लावला. मुलगा बापाच्याच हक्कावर उभा, म्हणून पक्षकार तेच धरले जातात. मनाईही मालकीच्या जोरावरच मागितलेली.

नवा दावा दारातच अडवावा म्हणून ऑर्डर 7 नियम 11 खाली अर्ज दिला, तो फेटाळला गेला. श्रीहरी हनुमानदास तोताला प्रकरणात 2021 साली सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलंय: त्या अर्जावर फक्त नवं वादपत्र बघायचं, आणि रेस ज्युडिकाटासाठी तर जुन्या दाव्याचे कागद तपासावे लागतात. त्यामुळे हा बचाव कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, स्पष्ट घ्या आणि त्यावर कोर्टाकडून मुद्दा, म्हणजे निकाल देण्याचा नेमका प्रश्न, काढून मागा. कैफियतीत नसेल तर नंतर तोंडी सांगून भागत नाही.

खरी रखडपट्टी नकलेची. आमच्याकडे निकालपत्र होतं, तेवढं पुरत नाही. जुनं वादपत्र (आपल्याकडे बहुधा निशाणी 1), कैफियत, काढलेले मुद्दे, निकाल आणि हुकूमनामा, सगळ्याच्या सही-शिक्क्याच्या नकला लागतात. निकालपत्रात पक्षकारांचं म्हणणं सारांशाने येतं, त्यावरून नेमका वाद काय होता याचा अंदाज बांधणं कोर्टाला धोक्याचं वाटतं. त्यातही मुद्द्यांचा कागद सगळ्यात मोलाचा. 'वादी मालकी सिद्ध करतो काय?' आणि समोर 'नाही', एवढ्या ओळीवर आमचं सगळं होतं. आधीचा दावा नुसत्या ताब्याच्या मनाईचा असता आणि मालकीवर मुद्दाच निघाला नसता, तर मालकीचा प्रश्न बहुतेक मोकळाच राहिला असता. नकलेच्या अर्जात दावा क्रमांक, साल, पक्षकार आणि निकालाची तारीख लिहा. नाहीतर रेकॉर्ड सापडत नाही म्हणून अर्ज परत येतो. उशीरही करू नका, कारण जुन्या दाव्यांचे काही कागद मुदत संपली की नष्ट केले जातात.

राहिलंच: आधीचा दावा वादी गैरहजर म्हणून निघाला असेल तर रेस ज्युडिकाटा लागत नाही, कारण गुणदोषांवर निर्णयच झालेला नसतो. तिथे ऑर्डर 9 नियम 9 बघा, त्याच कारणावर नवा दावा तो अडवतो. अपील चालू असेल तर निकाल अंतिम नाही, तेव्हा कलम 10 खाली नवा दावा थांबवून मागता येतो.

मुलाने मग आजोबांचं जुनं बक्षीसपत्र पुढे केलं. ते बापाला पहिल्याच दाव्यात मांडता आलं असतं आणि मांडायलाच हवं होतं, म्हणून कलम 11 च्या चौथ्या स्पष्टीकरणाने तेही बाद. निकालानंतर त्याने तो पट्टा कुणाकडून खरेदी केला असता, तर मात्र आम्हाला पुन्हा पहिल्यापासून लढावं लागलं असतं.