रकान्यांत नुसतं ‘नाही, नाही, नाही’

धर्म-अभ्यास विभागाचं समन्वयकपद अंगावर आलं आणि त्यासोबत अभ्यासक्रमाची फेररचनाही. सहकाऱ्यांना पाठवायचं टिपण मी एका रात्रीत लिहिलं. पुढच्या दोन महिन्यांत ते चार वेळा बदललं.

आधीचा हिशोब सोपा होता: सहा धर्म, प्रत्येकी 10 तासिका. कोणताही धर्म न मानणाऱ्यांचा त्यात उल्लेखच नव्हता. शेवटी चार तासिका वाढवून ‘निरीश्वरवाद आणि मानवतावाद’ असा घटक जोडावा, एवढाच माझा पहिला प्रस्ताव. मानवतावाद म्हणजे देवाचा आधार न घेता माणसाच्या विवेकावर नीती उभी करणारा विचार. प्रत्येक धर्मासाठी आमचा ठरलेला तक्ता असतो: संस्थापक, ग्रंथ, उपासना, सण, पवित्र स्थळं, मरणोत्तर जीवन. तोच मी मानवतावादासाठी भरला आणि सहाही रकान्यांत ‘नाही’ लिहिलं. एक ज्येष्ठ सहकारी बाई कागद परत देत म्हणाल्या, “सर, हे वाचून मुलांना वाटेल की ही माणसं काही मानतच नाहीत.”

बाईंचं बरोबर होतं. खोट तक्त्यातच होती. हिंदू धर्माच्या ‘संस्थापक’ रकान्यातही आम्ही वर्षानुवर्षं रेघच मारत आलो होतो, फक्त ती कुणाला खुपत नव्हती.

मग ‘नास्तिक’ या शब्दावर अडलो. बोलण्यात नास्तिक म्हणजे देव न मानणारा. भारतीय दर्शनांत मात्र हा शब्द वेदांचं प्रामाण्य नाकारणाऱ्यासाठी वापरतात. त्यामुळे जैन आणि बौद्ध नास्तिक ठरतात, तर जगाचा कर्ता ईश्वर न मानणारी मीमांसा आस्तिक! दोन्ही अर्थ एकाच धड्यात मिसळले की उत्तरपत्रिकांत भेळ होते. म्हणून टिपणात लिहिलं की आजच्या अर्थाने ‘निरीश्वरवादी’ म्हणायचं आणि ‘नास्तिक’ फक्त दर्शनांच्या संदर्भात वापरायचं.

तिसऱ्या खर्ड्यात शेवटचा घटकच काढून टाकला. प्रत्येक धर्माच्या दोन तासिका कमी केल्या, 12 मोकळ्या झाल्या, आणि त्या चार प्रश्नांना वाटल्या: खरं काय हे कसं ठरवायचं, चांगलं-वाईट कशावरून, मरणाला सामोरं कसं जायचं, आणि एकत्र येऊन माणसं काय करतात. प्रत्येक प्रश्नाला किमान दोन धार्मिक उत्तरं आणि एक धर्माबाहेरचं.

सहकाऱ्यांना पटावं म्हणून मरणाचा प्रश्न पूर्ण मांडून दाखवला. पहिल्या तासिकेत पुनर्जन्म आणि अंतिम न्याय. दुसरीत ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस: आपण असतो तेव्हा मरण नसतं, मरण येतं तेव्हा आपण नसतो, मग भीती कसली? त्याच्या शेजारी ‘भस्मीभूतस्य देहस्य पुनरागमनं कुतः’, म्हणजे राख झालेला देह परत कुठून येणार? चार्वाकांची ही ओळ मुलांना आवडते, ‘ऋणं कृत्वा घृतं पिबेत्’ तर बहुतेकांना आधीच पाठ असतं. पण चार्वाकांचं मत आपल्यापर्यंत येतं ते मुख्यतः त्यांच्या विरोधकांकडून. हा श्लोक ज्या चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त आहे, तिथे चार्वाकमत पहिल्याच प्रकरणात मांडलंय आणि लेखक स्वतः चार्वाक नाही. कर्ज काढून तूप प्या, असं ते खरंच म्हणत होते की कुणी त्यांची टर उडवत होतं? या एका प्रश्नावर अर्धी तासिका जाते, आणि ती जाऊ द्यावी. तिसऱ्या तासिकेत मानवतावादी अंत्यविधी: प्रार्थना नाही, आत्म्याला शांती मिळो असंही नाही, गेलेल्या माणसाच्या आयुष्याची गोष्ट त्याच्याच माणसांनी सांगायची.

बैठकीत आक्षेप आला तो वेगळाच: “हा धर्माला झोडपायचा तास होईल.” भीती खोटी नव्हती. शिकवणाऱ्याचा कल परीक्षेच्या प्रश्नात उघडा पडतो. माझ्याच खर्ड्यात ‘देवाचं अस्तित्व सिद्ध होत नाही, स्पष्ट करा’ असा प्रश्न निघाला. त्यात मुलाने काय मानावं हे आम्हीच ठरवून टाकलं होतं. तो बदलून लिहिलं: ‘मरणानंतर काही नाही असं मानणारा माणूस अंत्यविधी कशासाठी करतो?’ त्यावर आक्षेप घेणारे सर म्हणाले, “हा मी शिकवीन.”

एका वर्गावर प्रयोग केला तेव्हा मात्र फजिती झाली. ‘मानवतावाद म्हणजे काय?’ याला निम्म्याहून जास्त मुलांनी ‘माणुसकीने वागणं, जे सगळे धर्म शिकवतात’ असं लिहिलं. दोष त्यांचा नाही, शब्दच तसा आहे. मग पहिल्याच तासिकेला ॲमस्टरडॅम जाहीरनामा घेतला. जगभरच्या मानवतावादी संघटनांनी तो 1952 मध्ये केला, 2002 मध्ये नव्याने लिहिला, 2022 मध्ये पुन्हा. एका मुलीने विचारलं, “सर, आधीचा चुकीचा होता का?” मी वर्गालाच विचारलं, आणि घंटा होईपर्यंत कुणी माणुसकीचं नाव काढलं नाही.

टिपण मंजूर झालं ते एका अटीवर. जुना तक्ता सहा धर्मांपुरता राहील, फक्त ‘संस्थापक’ रकाना उडाला. बाईंनी तो स्वतः खोडला.