आमची गल्ली ५.९ मीटर की ४.७?

आमचा ओटा रस्त्यात येतो, अशी नोटीस आली. म्हणे कागदावर गल्ली सहा मीटरची. गटार आणि ओटा माझ्या लहानपणापासून जागचे हललेले नाहीत, पण खिडकीपलीकडचे साहेब म्हणाले, "जुना पुरावा आणा." घरात निघाला १९९४ चा एक फोटो. वडिलांनी गल्लीच्या मधोमध उभं राहून काढलेला, आणि त्यात शेजाऱ्यांची मारुती ८०० फाटकातून मागे येताना गल्लीत बरोबर आडवी.

गाडीची एकूण लांबी ३.३३५ मीटर. पण बंपर जमिनीला टेकत नाहीत, म्हणून मी चाकांमधलं अंतर धरलं, २.१७५ मीटर. स्कॅनवर ते ३४८ पिक्सेल भरलं, म्हणजे मीटरला १६०. गाडीशेजारी विटांचा ढीग असल्यानं तिथं गटाराची कड दिसत नव्हती. मग जरा अलीकडे, जिथं दोन्ही कडा स्वच्छ होत्या, तिथं मोजलं. ९४० पिक्सेल. भागिले १६० म्हणजे ५.९ मीटर! साहेबांचंच खरं निघालं की! दोन रात्री मी तोच आकडा घोकत बसलो.

तिसऱ्या दिवशी मेहुणा आला. चित्रकला शिकवतो. बघताक्षणी म्हणाला, "भाऊजी, गाडीचं माप गाडीच्याच ओळीत चालतं. अलीकडे आलात की मीटर मोठा होतो." त्यानं दोन्ही गटारांच्या कडा पट्टीनं लांबवल्या. त्या जिथं मिळाल्या तिथून आडवी रेघ मारली, ती क्षितिजरेषा. गाडीची चाकं तिच्याखाली २४० पिक्सेलवर टेकली होती, माझी मोजलेली ओळ ३०० वर. क्षितिजापासून जितकं खाली, तितकं त्या प्रमाणात मीटर मोठा. १६० चे झाले २००. ९४० भागिले २००, ४.७ मीटर. एवढ्यासाठी माझ्या दोन रात्री गेल्या!

पडताळाही त्यानंच सांगितला. २४० भागिले १६० केलं की कॅमेऱ्याची उंची निघते, दीड मीटर. वडिलांच्या डोळ्यांची उंची साधारण तेवढीच. इथं अडीच मीटर आले असते तर क्षितिज चुकलंय असं समजायचं. शिवाय दोन-तीन ओळींवर मोजून रुंदी तीच यायला हवी. माझ्या चुकीच्या पद्धतीत ती अलीकडे येईल तशी वाढत होती, पण मी दुसऱ्या ओळीवर मोजलंच नव्हतं.

गाडी तिरकी असेल तर मात्र फसगत होते. पंधरा अंशांनी वळलेली असली, तर ४.७ चे खरे साडेचारच. आमच्या फोटोत पुढचं आणि मागचं चाक जवळजवळ एकाच ओळीत टेकलं होतं, म्हणून निभावलं.

आणि हो, फोटोचा मोबाइलवर फोटो काढून मोजू नका. मोबाइल जरा वाकडा धरला की क्षितिजच सरकतं. स्कॅन करा.

आकडेमोडीचा कागद अर्जाला जोडलाय. साहेबांनी फोटो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "ही गाडी कोणाची?"