पाच आलं, सहा आलं नाही

जानेवारी म्हणजे आम्हा दहावीच्या शिकवणीवाल्यांचा फोटोंचा महिना. पूर्वपरीक्षा तोंडावर, आणि रात्री साडेनऊनंतर व्हॉट्सअ‍ॅपवर वह्यांच्या पानांची रांग. बहुतेक फोटो दोन मिनिटांत निकालात निघतात, कारण बीजगणितातल्या चुका ठरलेल्या असतात आणि मुलंही त्या ठरलेल्या जागीच करतात. त्या दिवशीच्या एका फोटोने मात्र माझा पाऊण तास खाल्ला. त्यात भर म्हणजे, पहिल्यांदा चुकले मी.

मुलगा तसा नीट काम करणारा. पायरी गाळत नाही. फोटोखाली त्याने लिहिलं होतं, "मॅडम, एक उत्तर बरोबर आलंय, एक चुकतंय. रीत बरोबर असेल तर दोन्ही यायला पाहिजेत ना?" उत्तरसूचीत होतं 5 आणि 6. त्याचं आलं होतं 5 आणि −2/3. पानावर हे होतं:

(1) (x + 1)(x − 2) − 2(x − 5)(x − 1) = 18

(2) x² − 2x + x − 2 − 2(x² − x − 5x + 5) = 18

(3) x² − x − 2 − 2(x² − 6x + 5) = 18

(4) x² − x − 2 + 2x² − 12x + 10 = 18

(5) 3x² − 13x − 10 = 0

(6) 3x² − 15x + 2x − 10 = 0

(7) (x − 5)(3x + 2) = 0

तिसरी ओळ मी इथे लिहिलीय तशी फोटोत होती का, हाच पुढचा सगळा घोळ आहे. पण तेव्हा मी ती अशीच वाचली. वरच्या ओळीत वजा आहे म्हटल्यावर डोळ्यांनी खालीही वजाच पाहिला. मग चौथी ओळ बघितली, वजा दोनने कंस सोडवायचा होता आणि याने अधिक दोनने सोडवला होता. मी लगेच टाइप केलं, "चौथ्या ओळीत कंस सोडवताना चिन्ह चुकलं. आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलायला हवं होतं." आणि पुढचा फोटो उघडला.

दोन मिनिटांनी उत्तर आलं, "मॅडम, कंस बरोबरच सोडवलाय."

राग आला, खोटं कशाला बोलू. पण पुन्हा पाहिलं तेव्हा एक गोष्ट खटकली. कंसाबाहेरचा वजा विसरणारी मुलं सहसा अर्धवट विसरतात. पहिल्या पदाला वजा लावतात आणि शेवटच्याला विसरतात: −2x² + 12x + 10 असं काहीतरी. इथे तिन्ही पदं एका सुरात उलटी होती. म्हणजे 2(x² − 6x + 5) याने अगदी शिस्तीत सोडवलं होतं, फक्त कंसाबाहेर अधिक आहे असं धरून. मुलगा म्हणत होता ते खरं होतं.

मग मी ताळ्याची जुनी युक्ती काढली. समीकरणाचं खरं मूळ प्रत्येक ओळीत घालून बघायचं. जोवर दोन्ही बाजू जुळतात तोवर ओळ शाबूत, आणि जिथे पहिल्यांदा बिघडतं तिथे चूक शिरली. 5 सोपा म्हणून आधी 5 घातला. पहिली ओळ: 6 × 3 म्हणजे 18, आणि दुसरं पद शून्य. जुळलं. दुसरी जुळली, तिसरी जुळली. चौथीसुद्धा जुळली! 25 − 5 − 2 + 50 − 60 + 10 = 18. पाचवीत 75 − 65 − 10, शून्य. सगळं पान स्वच्छ, आणि तरी उत्तर चूक.

अर्थात जुळणारच होतं. ज्या पदाचं चिन्ह उलटलं त्यात (x − 5) हा अवयव आहे. x = 5 ला ते पद शून्य होतं, आणि शून्याला अधिक काय नि वजा काय. म्हणून तर 5 हे उत्तर चुकीतूनही सहीसलामत बाहेर आलं. मुलाच्या प्रश्नाचं उत्तरही तेच होतं: एक मूळ बरोबर येणं ही रीत बरोबर असल्याची खूण नव्हती, चूक (x − 5) असलेल्या पदात आहे याची खूण होती.

आता 6 घातला. पहिली ओळ: 7 × 4 म्हणजे 28, वजा 2 × 1 × 5 म्हणजे 10. उरले 18, जुळलं. दुसरीही जुळली. चौथीत डावीकडे आले 38. फरक 20 चा. माझे वडील एका पेढीवर खतावणी लिहायचे. ते म्हणायचे, रक्कम चुकीच्या बाजूला पडली की ताळ्यात फरक दुप्पट दिसतो, तेव्हा फरकाचं अर्ध करून ती रक्कम शोधायची. चिन्हाचंही तसंच आहे. +10 च्या जागी −10 हवे असतील तर फरक 20 चाच पडणार. अर्ध केलं, 10. x = 6 ला 10 किंमत असलेलं पद कोणतं? तेच, 2(x − 5)(x − 1).

राहिली तिसरी ओळ. ती ठरत होती एका चिन्हावर. फोटो बोटांनी मोठा केला. तिथे अधिक होतं! चक्क, ठसठशीत अधिक.

म्हणजे दुसऱ्या ओळीवरून तिसरी उतरवताना चूक झाली, असं लिहायला हवं होतं. पण एकदा तोंडावर पडल्यावर मी सावध झाले होते. अधिकाची आडवी रेघ जाड, उभी किंचित बारीक आणि डावीकडे सरकलेली. याच्या बाकीच्या अधिकांत उभी रेघ आधी काढलेली असते आणि खाली थोडी वळते. शिवाय फोटो स्कॅनच्या अ‍ॅपमधून काढलेला, काळा-पांढरा. असं अ‍ॅप फिकट रेघेला एकतर पुसून टाकतं नाहीतर शाईइतकी काळी करतं, मधलं काही ठेवत नाही. मी लिहिलं, "अ‍ॅप न वापरता साधा रंगीत फोटो पाठव. फक्त तिसरी ओळ, जवळून."

रंगीत फोटोत उलगडा झाला. आडवी रेघ निळी, उभी रेघ राखाडी. मागच्या पानावरची शाई पातळ कागदातून पुढे उतरली होती. याने वजाच लिहिला होता, आणि पुढच्या क्षणी स्वतःचंच अक्षर अधिक म्हणून वाचलं होतं. म्हणजे चूक तिसऱ्या ओळीत नव्हती आणि कंस सोडवण्यातही नव्हती. ती त्या दोन ओळींच्या मध्ये, वाचण्यात झाली होती.

"पान उलटून बघ, तिथे मागे काय आहे?"

"सांख्यिकीचं गणित आहे मॅडम. 1 लिहिलाय. उलटा दिसला तरी 1 च दिसतो."

जेल पेन बंद कर आणि कागदाची एकच बाजू वापर, एवढंच सांगितलं. कंसाचा धडा दिला नाही, त्याची गरजच नव्हती. मात्र माझा आधीचा मेसेज चुकला होता हे कबूल केलं. त्यावर त्याने फक्त अंगठा पाठवला.

झोपण्याआधी आणखी एक फोटो आला. −x² + 11x − 30 = 0, मग सगळं −1 ने गुणून अवयव, उत्तर 5 आणि 6. वजाची चिन्हं या वेळी एवढी लांब ओढली होती की दोन ठिकाणी मला ती अपूर्णांकाची रेघ वाटली.