रात्री बारानंतरची गाडी

रेल्वेची नोटीस वाचायला बसलं की पहिल्या चार ओळींत गाडीचं नावच येत नाही. ‘रुळांच्या नूतनीकरणाच्या अनुषंगाने’, ‘सदर कालावधीत’, ‘प्रवाशांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने’ असं सगळं येऊन जातं आणि मग एका लांबलचक वाक्यात तीन गाड्या कोंबलेल्या असतात. ही नोटीस कापून ‘कुठली गाडी, जुनी वेळ, नवी वेळ’ एवढं ग्रुपवर टाकायचं काम कुणीतरी अंगावर घेतं, आमच्याकडे ते मी घेतलंय, आणि खरं सांगू का, मला ते आवडतं. वीस ओळींच्या चार ओळी करण्यात एक वेगळीच मजा आहे.

कारण वगैरे सरळ उडवायचं. रूळ बदलतायत की पूल दुरुस्त करतायत याने प्लॅटफॉर्मवर उभ्या माणसाला काही फरक पडत नाही. कापू नये अशी गोष्ट एकच, आणि लोक नेमकी तीच कापतात, ती म्हणजे तारीख कुठल्या स्टेशनची आहे ते.

म्हणजे बघा, समजा नोटीस अशी आहे: शनिवार दि. ११ रोजी २१.३० ते २४.०० या वेळेत शेवटचं स्टेशन ते जंक्शन या भागात ब्लॉक. त्यामुळे २१.४० ला सुटणारी एक्स्प्रेस (दि. ११ ची) १४५ मिनिटे उशिरा सुटेल, २३.२० ला पोचणारी पॅसेंजर जंक्शनपर्यंतच धावेल आणि तिची परतीची गाडी दि. १२ रोजी जंक्शनहूनच सुटेल.

आता १४५ मिनिटं हा काय आकडा झाला? रात्री बॅग भरताना कोण डोक्यात बेरीज करत बसणार. ती आपण करायची, दोन तास पंचवीस मिनिटं, म्हणजे ९.४० ची गाडी १२.०५ ला. आणि इथेच मेख आहे, १२.०५ म्हणजे घड्याळाप्रमाणे तारीख १२ झाली. पण गाडी ११ चीच, तिकिटावरही ११ च. नुसतं ‘१२ तारखेला १२.०५’ लिहिलं की अर्धी माणसं रविवारी दुपारी जेवून स्टेशनवर जातील, आणि ‘११ तारखेला १२.०५’ लिहिलं की उरलेली शनिवारी दुपारी. म्हणून मी तारखेआधी वार लिहिते आणि वारापुढे ‘रात्री’. शनिवारी रात्री १२.०५. मराठी माणसाच्या डोक्यात शनिवारची रात्र झोपून उठेपर्यंत शनिवारचीच असते, कॅलेंडर काही का म्हणेना.

हे झालं जिथून गाडी सुटते तिथलं. पण हीच एक्स्प्रेस पुढच्या एका स्टेशनवर एरवी रात्री १.१० ला येते. तिथून बसणाऱ्याच्या तिकिटावर मुळातच १२ तारीख आहे, कारण त्याच्यासाठी गाडी बारानंतरच येते. तो नोटीस वाचतो, त्यात लिहिलंय ‘दि. ११ ची गाडी’, तो म्हणतो माझं तर १२ चं आहे, आपल्याला काही नाही, आणि मग एक वाजता थंड बाकड्यावर येऊन बसतो ते साडेतीनपर्यंत. उलट १३ तारखेचं तिकीट असलेला माणूस नोटिशीत कुठेतरी १२ दिसला म्हणून घाबरून फोन करतो, त्याची गाडी मात्र वेळेवर असते. नोटिशीतली तारीख गाडी जिथून निघते तिथली, तिकिटावरची तारीख आपण जिथे चढतो तिथली. नोटीस काढणाऱ्याला हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगावंसं वाटत नाही, आणि आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून लिस्टमध्ये ही एक ओळ वाढली तरी चालेल, पण हवीच.

तिथे नवी वेळ काय लिहायची हा पुन्हा वेगळा प्रश्न. १.१० मध्ये दोन तास पंचवीस मिळवले की ३.३५ येतात, पण नोटिशीत ३.३५ कुठेच नाही, ते आपण काढलेले आहेत. गाडी थोडा वेळ भरून काढू शकते, किंवा दुसऱ्या गाडीला वाट देत आणखी मागे पडू शकते. मी ‘साधारण ३.३५’ लिहिते आणि पुढे ‘नोटिशीत नाही, आमचा हिशोब’ असंही टाकते. लोक हसतात, हसू देत. आपण काढलेली वेळ रेल्वेने दिल्यासारखी दिसायला नको, नाहीतर ३.२० ला येऊन गेलेल्या गाडीचं पाप आपल्या डोक्यावर.

पॅसेंजरचं अजून गमतीशीर आहे. जंक्शनपर्यंतच येणार हे सगळे उचलतात. पण जी गाडी शेवटच्या स्टेशनला आलीच नाही ती सकाळी तिथून निघणार कशी? रात्री येणारा तोच रेक सकाळी परत जातो. नोटिशीत हे ‘आणि तिची परतीची गाडी’ या चार शब्दांत उरकलेलं असतं, वाक्याच्या शेपटाला, आणि घाईत वाचणारा तिथपर्यंत पोचत नाही. रात्री येणाऱ्यांना निदान जंक्शनला उतरवतात तरी, सकाळी ५.१५ ला रिकाम्या प्लॅटफॉर्मवर उभं राहणाऱ्याला विचारायलाही कुणी नसतं. म्हणून कुठलीही गाडी ‘अमुक स्टेशनपर्यंतच’ दिसली की मी आधी तिची जोडीची गाडी शोधते. सापडली नाही तर नोटीस पुन्हा वरून वाचते.

तर शेवटी लिस्ट अशी होते:

नोटीस शुक्रवार १० तारखेची. बदल फक्त शनिवार रात्र आणि रविवार पहाटेपुरता.

एक्स्प्रेस (जाणारी): शनिवारी रात्री ९.४० ऐवजी रात्री १२.०५. तिकीट ११ चं असलेल्यांसाठी.
पुढून रात्री १.१० ला बसणारे: तिकीट १२ चं असेल तर हीच गाडी, साधारण ३.३५ (आमचा हिशोब).
पॅसेंजर (येणारी): शनिवारी रात्री फक्त जंक्शनपर्यंत.
पॅसेंजर (जाणारी): रविवारी पहाटे ५.१५ ला शेवटच्या स्टेशनहून नाही. जंक्शनहून नेहमीच्या ६.२० ला.

वरची पहिली ओळ लोकांना फालतू वाटते. पण असल्या लिस्ट फॉरवर्ड होत होत पुढच्या महिन्यातही फिरतात, आणि पुढच्या महिन्यातही शनिवार येतोच की. आणि मूळ नोटिशीचा फोटो मी सोबत टाकतेच, कुणाला ताडून बघायचं असेल तर बघू दे.

बसच्या नोटिशीला हे तारखेचं झंझट कमी, तिथे वेळेपेक्षा थांबा हलवल्याचं कलम महत्त्वाचं. ते बहुतेक खाली असतं, ते वर आणायचं, बस.

एक ओळ मात्र मी लिहीत नाही, कितीही जणांनी मागितली तरी. ‘बाकी सगळ्या गाड्या वेळेवर.’ नोटिशीत बाकीच्यांचं नाव नाही एवढंच आपल्याला माहीत असतं. ब्लॉक संपल्यावर अडकलेल्या गाड्या एकामागून एक सुटतात, त्यांच्या मागे नाव नसलेलीही दहा-वीस मिनिटं रखडते, आणि त्याची वेगळी नोटीस कुणी काढत नाही. मी लिहिते, ‘बाकीच्या गाड्यांबद्दल नोटिशीत काही नाही.’ यावर लगेच कुणीतरी विचारतं, म्हणजे वेळेवर ना?